दोन मीटरवरून गोगलगाय

प्राणीशास्त्र विभागात तिला सगळे फूटपट्टीताई म्हणायचे, तेही अगदी तोंडावर. परिषदेचे दिवस जवळ आले की संशोधक मुलं आपापल्या संशोधनाची पोस्टरं घेऊन तिच्याकडे यायची आणि चेहरे पाडून परत जायची. कॉरिडॉरच्या फरशीवर तिने दोन रंगीत चिकटपट्ट्या मारून ठेवल्या होत्या, एक भिंतीपासून मीटरभर अंतरावर आणि दुसरी दोन मीटरवर. भिंतीवर पोस्टर लावायचं, मुलाला पट्टीवर उभं करायचं आणि म्हणायचं, "वाच."

ही खोड तिला तिच्या पहिल्या परिषदेत लागली. त्या दिवशी तिच्या पोस्टरसमोर दिवसभरात एकच माणूस थांबला होता. त्याला प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारायचं होतं. घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली आणि मग उठून विचार करायला लागली, की माणसं थांबतात तरी कशाला?

एवढ्या वर्षांत कुणाच्या पोस्टरवर कात्री चालवताना तिने मागेपुढे पाहिलं नव्हतं. पण या वेळी पोस्टर होतं सरांचं.

सर म्हणजे तिचे गुरू. त्यांच्याच हाताखाली तिने पीएचडी केली होती आणि आज ते विभागप्रमुख होते. आयुष्यभर भाषणं दिलेला माणूस. पोस्टर कधी केलं नव्हतं. यंदा परिषदवाल्यांनी भाषणाऐवजी पोस्टर दिलं, म्हणून सर आधीच फुरंगटले होते. विषय मात्र झकास होता. गोगलगाय दुसरीने मागे सोडलेल्या चिकट वाटेवरून चालली तर तिचा स्वतःचा चिकटा किती वाचतो, हे त्यांनी मोजलं होतं.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिने नवऱ्याला सरांच्या जागी बसवून तालीम केली. नवरा शाळेत गाणं शिकवायचा आणि मुलांची नाटकंही बसवायचा. अभिनयात कुठे कमी पडणार?

"सर, पोस्टर छान आहे, पण…"

"पण?" नवऱ्याने अशा काही भुवया उंचावल्या, की तिचा टोस्ट चहात पडला.

"जमणार नाही मला," ती म्हणाली.

"मग काही बोलू नकोस. वाचायला सांग, आणि गप्प बस."

विभागात येऊन तिने सरांचं पोस्टर साध्या कागदांच्या तुकड्यांवर छापलं, जोडलं आणि भिंतीवर लावलं. पाहिलं तर पोस्टर कसलं, अख्खा शोधनिबंधच भिंतीला चिकटला होता! वर मुंग्यांची रांग जावी तसं शीर्षक. डावीकडे प्रस्तावना, तिच्याखाली एकदम निष्कर्ष, उजवीकडे पद्धत, आणि निकाल दोन तुकड्यांत दोन टोकांना. वाचणाऱ्याने भरकटू नये म्हणून सरांनी मध्ये लाल बाण काढले होते. मुख्य आलेख काडेपेटीएवढा. संस्थांची बोधचिन्हं मात्र पाच, आणि त्यांच्याशेजारी सरांचा स्वतःचा फोटो, आलेखाच्या दुप्पट.

सर आले. दोन मीटरच्या पट्टीवर हात मागे बांधून उभे राहिले.

"वाचा ना सर," ती एवढंच म्हणाली.

"त्यात काय!" म्हणत सरांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. एक अडखळ नाही. दुसरा परिच्छेद आला, तसा आवाज आणखी चढला. "गोगलगायीकडे विज्ञानाने केलेलं दुर्लक्ष ही केवळ खेदाची नव्हे, तर लज्जेची बाब आहे…"

"सर, हे वाक्य कुठं आहे?"

"प्रस्तावनेत. दुसऱ्या परिच्छेदात."

"जरा दाखवता?"

सर पुढे सरकले. मीटरभरावर आले, मग आणखी पुढे. शेवटी नाक कागदाला टेकलं आणि बोट ओळींवरून फिरायला लागलं. वरून खाली, खालून वर. "इथेच तर होतं…"

"काल तुम्हीच काढलंत, सर. पाचव्या बोधचिन्हाला जागा करायला."

कॉरिडॉरच्या टोकाला कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे मी वाचत नव्हतो," ते हळूच म्हणाले. "पाठ म्हणत होतो."

"लिहिणाऱ्याचं होतंच असं. दुसऱ्याला तर ते पाठ नसतं ना, सर."

मग स्टूल ओढून दोघं बसले आणि भाजीबाजारात व्हावी तशी घासाघीस सुरू झाली. बाण आधी गेले. "बाण लागतात म्हणजे क्रम चुकलाय," ती म्हणाली. तीन सरळ स्तंभ आखले. प्रत्येक वरून खाली वाचायचा आणि मग उजवीकडच्यावर जायचं. डावीकडे प्रश्न आणि पद्धत, मध्ये निकाल, उजवीकडे निष्कर्ष, तोही डोळ्यांच्या पातळीवर. आधी तो गुडघ्याजवळ होता. वाचायला माणसाला उकिडवं बसावं लागलं असतं.

"गोगलगायींना कोबी किती वेळा दिला, तेही नको?" सरांचा आवाज रडवेला झाला.

"कुणी विचारलं तर तोंडी सांगा."

"आणि माझा फोटो?"

"तुम्ही स्वतः तिथे उभे असणार ना, सर!"

मुख्य आलेख मधल्या स्तंभाच्या पूर्ण रुंदीचा केला. नुसतं चित्र ताणलं तर ते फाटल्यासारखं धूसर दिसतं आणि अक्षांवरची अक्षरंही वेडीवाकडी होतात, म्हणून तिने मूळ आकड्यांवरून आलेख नव्याने काढला आणि अक्षांची नावं स्वतः टंकली, मजकुराएवढीच ठळक. शेवटी अख्खं पोस्टर एका साध्या कागदावर छापून हात लांब करून धरलं. तेवढ्या अंतरावरून ते वाचता आलं, म्हणजे मोठं पोस्टर दोन मीटरवरून वाचता येणार. आलं वाचता. सरांनीही मान डोलावली. शीर्षक आता होतं, "दुसरीच्या वाटेवर गोगलगायीची मेहनत वाचते."

परिषदेच्या दालनात पोस्टरांच्या रांगाच रांगा होत्या. सरांच्या पोस्टरसमोर पहिल्याच फेरीत माणसं थांबली. चहाचा कप घेऊन चाललेली एक बाई शीर्षक वाचून वळली, तिच्यामागून आणखी दोघं. फूटपट्टीताई बाजूला उभी राहून मनातल्या मनात उड्या मारत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक दाढीवाले प्राध्यापक मोठ्याने म्हणाले, "अहो, ही गोगलगाय आहे की म्हैस?"

सगळ्यांनी आलेखाकडे पाहिलं. उभ्या अक्षावर, भल्या मोठ्या, ठसठशीत, दोन मीटरच काय, दारातूनही दिसतील अशा अक्षरांत लिहिलं होतं: चिकटा, ग्रॅम.

मिलिग्रॅम हवं होतं. नव्याने टंकताना "मिलि" राहून गेलं होतं, तिच्याच हातून. अक्षरांची उंची तिने पट्टी लावून मोजली होती. अर्थ वाचायचा मात्र राहिला होता. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगली तर बरं, असं तिला झालं.

सरांनी खिशातून जाड पेन काढलं. गर्दीकडे पाठ करून "ग्रॅम"च्या आधी सावकाश, वळणदार "मिलि" लिहिलं, आणि वळून म्हणाले, "आमच्या गोगलगायी कष्टाळू आहेत, पण इतक्याही नाहीत."

हशा उसळला. हसून झाल्यावर दाढीवाल्यांनी खरा प्रश्न विचारला, की वाट जुनी झाली तर फायदा किती राहतो? सर खुलले. जेवणाची घंटा झाली तरी हलेनात. शेवटी कोबीचं वेळापत्रकही कुणीतरी विचारलंच, तेव्हा तर त्यांना आकाश ठेंगणं झालं.

परतताना गाडीत ती पुटपुटली, "सर, तुमच्या पोस्टरचं मी हसं केलं."

"अगं, आधीच्या पोस्टरवर अशी चूक असती, तर ती वर्षभर लपून राहिली असती," सर म्हणाले. "काडेपेटीत कोण डोकावतं?"

तिने दुरुस्त प्रत छापून देते म्हटलं, तर सरांनी साफ नकार दिला. पेनाने "मिलि" लिहिलेलं तेच पोस्टर त्यांच्या खोलीच्या दारावर लागलं. त्याच्याशेजारून रोज जाताना ती अजूनही खाली मान घालते. आणि कॉरिडॉरमधल्या तिच्या तपासणीत आता आणखी एक माणूस असतो, ज्याने ते पोस्टर आधी कधीच पाहिलेलं नसतं.