सर्व माहिती, इत्यादी

रंगांच्या कारखान्यात करारनामे तपासणाऱ्या बाईंना सगळे मागून 'कात्री' म्हणत. पसरट वाक्य दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्या दिवशी कामगारांच्या गोपनीयतेच्या कराराचा मसुदा समोर आला: 'कंपनीत कळलेली सर्व माहिती, इत्यादी, गोपनीय राहील.'

"सर्व म्हणजे काय हो? कँटीनचा चहा पाणचट असतो, हेही गुपित?" त्यांनी मॅनेजरसाहेबांना फटकारलं. "इतकं मोघम कलम कोर्टात टिकणं कठीण. काय झाकायचं ते नावानिशी लिहा."

साहेब हसले. बाईंनी रंगांची सूत्रं आणि ग्राहकांना दिलेले दर एवढंच लिहिलं. जे आधीच जगजाहीर आहे ते वगळलं. कायद्याने सरकारी तपासनिसाला सांगावं लागेल तेही वगळलं.

साहेबांचं हसू मावळलं. "तो तपासनिसाचा अपवाद काढा. आणि मागच्या शेडमधल्या हवेच्या तपासणीचे आकडे गुपितांत घाला. नाही, नावानिशी नकोच. 'सर्व माहिती' हेच राहू द्या."

त्या शेडमधले दोघे जण खोकून खोकून बेजार होऊन घरी पडले होते. "मी तपासनिसांना कळवणार," बाई म्हणाल्या.

साहेबांनी शांतपणे खण उघडून एक कागद पुढे सरकवला. बाईंचाच करार, नोकरीच्या पहिल्या दिवशी न वाचताच सही ठोकलेला. 'कंपनीत कळलेली सर्व माहिती, इत्यादी.'

"हे कोर्टात टिकणार नाही."

"नाहीच टिकणार," साहेब म्हणाले. "पण निकाल लागेपर्यंत तुम्ही टिकाल का?"