पुसलेलं बरोबर उत्तर

मानपाड्याला मी रविवारी सकाळी शिकवायचो. डेटाच्या नोकऱ्यांसाठी मुलाखत देणारी पोरं यायची, त्यांची लिनियर अल्जिब्रा घासून घ्यायचो. माझे दोन नियम होते, आणि त्यांचा मला माज होता. उत्तर आलं की उलटा गुणाकार करून ताळा घ्यायचा. ताळा चुकला तर फळ्यावर काही ठेवायचं नाही, सगळं पुसून पहिल्यापासून. चुकीचं घाणेरडं काम लोकांना दाखवू नये, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

आंबिवलीहून एक मुलगा यायचा. तिशीला टेकलेला, शांत. त्याचे वडील इथल्याच एका रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर राबले आणि छातीचं दुखणं घेऊन घरी बसले. मालकाने त्यांची जागा मुलासाठी धरून ठेवली होती, महिनाअखेरपर्यंत. "सर, तिकडे नाही जायचं मला. बाबांचा खोकला ऐकलाय ना मी," एवढंच तो एकदा म्हणाला. माजिवड्याच्या एका कंपनीची मुलाखत ही त्याची शेवटची उडी होती.

सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन मुलाखतीत हमखास विचारतात, म्हणून ते मी त्याच्याकडून पाठ होईपर्यंत करून घेतलं. आकड्यांचा कुठलाही तक्ता थरांच्या बेरजेत मोडता येतो. प्रत्येक थर म्हणजे एक उभा वेक्टर गुणिले एक आडवा, आणि त्याचं एक वजन. सगळ्यात जड थर ठेवून बाकीचे टाकले, की रँक एकचा, म्हणजे एकाच थराचा, सगळ्यात जवळचा तक्ता मिळतो. त्याहून जवळचा दुसरा नाही. तक्ता आणि त्याची ओळी-स्तंभ पालटलेली प्रत यांचे दोन्ही क्रमांनी गुणाकार करा; उभे वेक्टर एका गुणाकारातून काढा, आडवे दुसऱ्यातून, वेगवेगळे, हा माझा शॉर्टकट.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी तो थेट माझ्या घरी आला. पाणीही न पिता म्हणाला, "सर, ताळा नाही आला." मी त्याला माझ्या फळ्यावर सगळं पुन्हा लिहायला लावलं.

दोन बाय दोनचा तक्ता होता. वरच्या ओळीत तीन, शून्य. खालच्या ओळीत चार, पाच. रँक एकचा सगळ्यात जवळचा तक्ता काढा आणि चूक किती राहते ते सांगा, एवढाच प्रश्न. त्याने वजनं काढली: पंचेचाळीसचं वर्गमूळ आणि पाचचं वर्गमूळ. जड थर काढला: वर दीड, दीड; खाली साडेचार, साडेचार. राहिलेली चूक, पाचचं वर्गमूळ.

"मग?" मी विचारलं.

"मग तुमच्यासारखा ताळा घेतला. दुसरा थर मिळवला. वर शून्य, तीन आलं. खाली पाच, चार. स्तंभच उलटे झाले. म्हटलं, कुठेतरी मुळातच घोळ झालाय. सगळं पुसलं. परत अर्ध्यात आलो तेवढ्यात वेळ संपली. त्यांनी रिकाम्या फळ्याकडे बघितलं आणि थँक यू म्हणाले."

मी फळ्यावरची एकेक ओळ तपासली. त्याचं उत्तर बरोबर होतं. अगदी बरोबर. दुसऱ्या थरातल्या उभ्या वेक्टरचं चिन्ह तेवढं उलटं पडलं होतं, आणि विचारलेल्या उत्तराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. उभे-आडवे वेगवेगळे काढले की चिन्हं जुळतीलच असं नसतं. आडवे काढायचे, मूळ तक्त्याने गुणायचे, वजनाने भागायचं. मग उभे आपोआप योग्य चिन्हाने येतात. हे मला ठाऊक होतं. पण वर्गात मी वर्षानुवर्षं सिमेट्रिक तक्ते द्यायचो, कर्णावर मोठे धन आकडे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच छोटे, आकडे सोपे येतात म्हणून. त्यात दोन्ही गुणाकार एकच असतात, म्हणून पोरं वेक्टर एकदाच काढून दोन्हीकडे वापरायची आणि ताळा न चुकता यायचा. आळशी मास्तर, दुसरं काय!

तोंडात शब्द आले होते. तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमचा काही दोष नाही सर. मी घाबरलो, म्हणून चुकलो."

"घाबरायचं नसतं रे," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. खरं सांगून त्याची हुकलेली नोकरी परत मिळाली नसती, असं नंतर स्वतःला समजावलं. पण त्या संध्याकाळी मला फक्त माझी लाज वाचवायची होती.

पाच-सहा महिन्यांनी तो माझी वही परत द्यायला आला. नखांच्या कडा निळ्या झालेल्या, बोलता बोलता दोनदा खोकला. नवीन पोरं बसली होती, त्यांना हसून म्हणाला, "सर सांगतात तसंच करा. मी चुकलो, कारण घाबरलो." पोरांनी माना डोलावल्या. फळ्यावर सिमेट्रिक तक्ता होता. मी खडू उचलला आणि पुढचं गणित सुरू केलं.