काळजी सोडा, आत्या आहे

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात एक लाकडी पाटी होती: ‘मुलांची काळजी सोडा. आत्या आहे.’ सव्वीस वर्षांपूर्वी, बारा खोल्यांचं हे रिसॉर्ट सुरू झालं तेव्हा, धाकट्या भावाने ती हौसेने रंगवली होती. आत्या म्हणजे त्याचीच थोरली बहीण. भाच्याची आत्या ती सगळ्या पाहुण्यांची आत्या झाली. स्वतःचं मूल नाही, पण पोहण्याच्या तलावाकाठच्या वेताच्या खुर्चीत बसून तिने जगाची पोरं डोळ्यात तेल घालून सांभाळली. एखादं मूल दिसेनासं झालं की आईच्या आधी ही शोधायला धावायची.

गेल्या महिन्यात मात्र गडबड झाली. सात नंबरच्या खोलीचे पाहुणे न कळवता दोन कुत्री आणि चार पोरं घेऊन हजर झाले आणि आल्या आल्या जास्तीच्या गाद्या मागू लागले. गाद्यांच्या कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला. ती दुखरे गुडघे सावरत वर गेली. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतली पाच वर्षांची एक मुलगी तलावात पडली. माळ्याने उडी मारून तिला बाहेर काढलं. पोरगी खोकली, रडली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिची आई खोलीत झोपली होती. ती धावत आली आणि स्वागतकक्षातल्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, “तुम्हीच लिहिलंय ना!”

लिहिलं तर होतंच.

म्हणून आज दुपारी जेवणाच्या टेबलावर नियमांची बैठक बसली. नियमांचा कच्चा मसुदा भाच्याच्या बायकोने केला होता. बुकिंगचं काम तीच बघते. भावाने तो न वाचताच निकाल दिला.

“लहान मुलं बंद, कुत्री बंद. डोक्याला ताप नको.”

“मामंजी, मग अर्ध्या खोल्या रिकाम्या राहतील,” सूनबाई म्हणाली.

“आणि तुला करमेल का रे?” आत्याने विचारलं. भावाने मसुदा बहिणीकडे सरकवला. पोरांबरोबर पकडापकडी खेळणारा पहिला गडी तोच.

मसुद्यात ‘शांतता राखावी’ असं होतं. आत्याने चष्मा चढवला. “दात येणाऱ्या बाळाला हे वाचून दाखवणार का? रात्री दहा ते सकाळी सात बाहेर गाणी, खेळ नकोत, असं लिही. तान्ह्या बाळाचं रडणं ही तक्रार धरली जाणार नाही, हेही लिही. आणि कुत्रं भुंकतं कधी? मालक जेवायला गेला आणि ते खोलीत एकटं राहिलं की. म्हणून ‘भुंकू देऊ नका’ नको. ‘खोलीत एकटं सोडू नका’ म्हण.”

सूनबाई भराभर लिहीत होती. कुत्र्याची माहिती बुकिंगच्या वेळीच द्यायची, लसीचा दाखला आणायचा, आवारात पट्टा लावायचा. त्याचं अंथरूण घरून आणायचं. पलंगावर झोपवायचं नाही. जास्तीची गादी खोलीमागे एकच, तीही आधी सांगितलेली, म्हणजे पाहुणे यायच्या आत घालून ठेवता येईल.

“म्हणजे ऐनवेळी मला जिना चढायला नको,” आत्या म्हणाली. कोणी हसलं नाही.

मग देखरेखीचं कलम आलं. सूनबाईने लिहिलं होतं: ‘मुलांची जबाबदारी पालकांची. मात्र आमची माणसेही शक्य तेवढे लक्ष ठेवतील.’ हे दुसरं वाक्य आपल्यासाठी घातलंय, हे आत्याला लगेच कळलं. पोरीची माया कळून तिचे डोळे भरून आले, पण तिने पेन मागितलं.

“शक्य तेवढं म्हणजे किती गं? एवढ्या शब्दांवर आई-बाप बिनघोर झोपतील.”

“पण आत्या, तुम्ही बसताच ना तिथे.”

“बसते. पण आता धावता येत नाही मला.” हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. तिला फार वाईट वाटलं, आणि थोडं हलकंही.

तिने ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: ‘तलावावर जीवरक्षक नाही. बारा वर्षांखालील मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना सोबतच्या मोठ्या माणसाने हात पोचेल इतक्या जवळ थांबावे. आत्या शेजारी बसली असली तरीही.’

भाऊ उठला. स्क्रू ड्रायव्हर आणून त्याने पाटी उतरवली. स्टूल डुगडुगत होतं, ते आत्याने धरलं.

नवे नियम बुकिंगबरोबरच पाहुण्यांना जाऊ लागले. पुढच्या शनिवारी एक आई खुर्ची ओढत थेट पाण्याच्या कडेला येऊन बसली. तिचा मुलगा पायरीवरून ओरडला, “आत्या, बघ, बघ!”

आत्या सवयीने अर्धी उठली.

“बघतेय रे, मी बघतेय,” आई म्हणाली.

आत्या परत खुर्चीत टेकली. समोर चहा ठेवलेला होता. तो अजून गरम होता.