प्रीमियरचा मांडव

संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीला पहिलं काम दिलं ते वारूळवाडीतल्या एका भाऊंनी. खताच्या दुकानावरच्या खोलीतून ते विनोदी मालिकेचा चॅनल चालवायचे. लेखन, दिग्दर्शन आणि सरपंचाची भूमिका तिन्ही त्यांच्याकडे. तयार भाग चॅनलवर टाकायचा आणि आकडे बघायचे, हे माझं काम. अवसरी बुद्रुकला वडील सगळ्यांना सांगायचे, पोरगा कॉम्प्युटरच्या हापिसात आहे. भाऊंचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं अवघड गेलं.

भाऊंना प्रीमियरचं वेड होतं. प्रीमियर म्हणजे भागाची वेळ आधीच जाहीर करायची. लोक वेटिंग रूममध्ये जमतात, चॅटवर बोलतात आणि ठरल्या वेळी सगळ्यांसाठी भाग एकदमच सुरू होतो. साध्या अपलोडला यातलं काही नाही. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो बघतो, वाटलं तर खाली कमेंट टाकतो.

"साधा अपलोड म्हंजे दारात पत्रिका टाकून यायची," भाऊ म्हणायचे. "प्रीमियर म्हंजे मांडव!"

पुरावा म्हणून ते रविवारी संध्याकाळी केलेला प्रीमियर आणि मंगळवारी भर दुपारी टाकलेला एक भाग दाखवायचे. मंगळवारी दुपारी आमचा प्रेक्षक शेतात असतो.

मी भीतभीत म्हणालो, "भाऊ, वार आणि वेळ एकच ठेवू. चार रविवार, सातला. एक साधा, एक प्रीमियर, आलटूनपालटून. पहिल्या तासाचे व्ह्यूज मोजू."

"मोज की राव! शिकलायस कशाला? आकडा म्हणंल तसे पुढचे सगळे भाग टाकू."

कॅमेरा धरणारा हसला. "भाऊ, ह्यो पेपर तपासणार, आन नापास तुमी व्हणार."

या चारांतल्या पहिल्या प्रीमियरला साडेसहापासून भाऊ मोबाइल घेऊन चॅटवर बसले. 'आणे गावाहून आलेल्या पाहुण्यांचे सहर्ष स्वागत.' 'दाजी आले आहेत, दाजींना पुढे बसवा.' वेटिंग रूममध्ये पुढे कुठे बसवतात, हे मी विचारलं नाही. सातला दोन मिनिटं असताना भाऊ ओरडले, "थांबीव! मोठे पुढारी यायचेत. वीस मिनिटं पुढं ढकल."

"वेळ बदलली तर तुलनाच राहणार नाही, भाऊ."

पुढारी आलेच नाहीत. भाग वेळेवर सुरू झाला.

चौथ्या रविवारनंतर मी आकडे मांडले. वेटिंग रूममध्ये तीनशेच्या आसपास माणसं असायची. भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली की निम्मी गेलेली. नुसतं ताटकळणं व्ह्यूमध्ये धरत नाहीत. पहिल्या तासात साध्या भागांना प्रीमियरच्या दीडपट व्ह्यूज होते. चॅट मात्र दणदणीत होतं. ते मी पुन्हा लावून, नावं मोजत वाचलं. निम्मे संदेश भाऊंचेच होते आणि उरलेल्यांतले बहुतेक 'धन्यवाद भाऊ'. गोष्टीबद्दल एकाच माणसाने लिहिलं होतं. तेही, आवाज कमी येतोय.

पण माणसं का जातात, हे आकड्यांतून कळेना. ते घरी कळलं.

"दादा, कालचा प्रीमियर बघितला का?" मी वडिलांना विचारलं.

"व्हतो की मी! साडेसहापासनं व्हतो. भाऊंनी माझं नाव घेतलं."

"आणि भाग?"

"नाव घेतल्यावर उठलो. धारा काढायच्या व्हत्या. भाग काय, कुठं पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं होतं. खोटं सांगितलं तर पदवी कशाला घेतली, आणि खरं सांगितलं तर ज्याने काम दिलं त्याचाच मांडव उठवायचा. जिना चढताना परत फिरावंसं वाटलं. पण सांगितलं. वडिलांचंही सांगितलं.

भाऊ बराच वेळ चॅटमधली नावं वरखाली करत राहिले.

"म्हंजे पावणं येत्यात, मान घेत्यात आन अक्षता पडायच्या आत जात्यात."

"हो भाऊ."

"तरी बी येत्यात ना?"

"येतात."

"मग भाग साधाच टाक, सातला," भाऊ म्हणाले. मी श्वास सोडला. "आन सहाला नुसता लाईव्ह लाव. त्यात भाग नाय, काय नाय. फकस्त स्वागत."

पहिल्याच रविवारी भाऊ फेटा बांधून कॅमेऱ्यासमोर बसले आणि तासभर नावं घेत राहिले. इतकी गर्दी आमच्या एकाही भागाला झाली नव्हती. सातला स्वागत संपलं, मी भाग टाकला. त्या दिवशी वडिलांनी धारा आधीच उरकल्या होत्या. घरी गेलो तेव्हा ते खुश होते.

"भाग बघितला रं. पहिल्यांदाच. त्यो सरपंच झालाय त्यो कोण? वळखू नाय आला. काम लई बेस करतो."

मी भाऊंना फक्त शेवटचं वाक्य सांगितलं.