दुसरी रेघ

आमच्या घरात कुणालाही शिंक आली तरी लोक मला विचारतात, कारण मी सांगलीत 'रक्ताच्या मोठ्या यंत्रावर' असतो. मी डॉक्टर नाही, हे मी गेली वीस वर्षं सांगतोय. मी तंत्रज्ञ आहे. नळ्या हलवतो, थेंब मोजतो, यंत्राचं झाकण लावतो आणि समोरच्या पडद्यावर रेघा चढताना बघतो. पण लग्नकार्यात ओळख करून देताना आमची मंडळी 'तंत्रज्ञ' शब्द गिळतात आणि 'लॅबमधले' एवढंच म्हणतात. पुढचा माणूस मग आपोआप शर्टाची बाही वर करून मला पुरळ दाखवतो. मीही गंभीर चेहरा करून बघतो. चूक माझीच.

माझी धाकटी बहीण साताऱ्याला दिलीय. नवरा फौजेत, सध्या पार वर सीमेवर. घरी ती आणि तिची सासू. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला रक्ताचा कर्करोग निघाला. मात्र रोज एक गोळी घेतली की गप्प बसणारा. सात-आठ वर्षं तिनं गोळी चुकवली नाही. दर तीन महिन्यांनी तिचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत यायचं, आणि शेवटची बरीच वर्षं यंत्राला त्यात रोगाची खूण सापडलीच नव्हती. म्हणून मग तिच्या डॉक्टरांनी, खूप विचार करून, मूल होण्यासाठी गोळी थांबवायला परवानगी दिली. अट एकच: दर महिन्याला तपासणी. खूण वर आली आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर परत औषध. आणि ती गोळी पोटातल्या बाळाला चालत नाही. मग इंजेक्शनं, आणि त्यांनीही आवरलं नाही तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आता तिला पाचवा महिना होता.

यंत्र काय करतं हे मी तिच्या सासूबाईंना एकदा समजावून सांगितलं होतं. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला पावनं म्हणतात. म्हटलं, "मावशी, गल्लीत एक बातमी आहे समजा. प्रत्येक फेरीत ज्याला ठाऊक आहे तो आणखी एकाला सांगतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सकाळी शंभर जणांना ठाऊक असेल तर बोंब लवकर होणार. एकालाच ठाऊक असेल तर उशिरा. बोंब ऐकू यायला किती फेऱ्या लागल्या, त्यावरून सकाळी किती जणांना ठाऊक होतं ते कळतं. त्या फेऱ्यांच्या आकड्याला आम्ही सीटी म्हणतो. आकडा लहान म्हणजे माल जास्त. आकडा मोठा म्हणजे माल कमी."

मावशींनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. "आवं पावनं, आमच्या गल्लीत एकीला कळलं तरी बास हाय. तुमच्या यंत्रापरीस आमची शेजारीण लय फास्ट हाय."

"आणि चाळीस फेऱ्या होऊनसुद्धा बोंब झालीच नाही, तर?"

"तर बातमीच नव्हती म्हनायचं."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. या 'अगदी बरोबर'नं पुढे माझा घाम काढला.

त्या महिन्यात बहिणीला प्रवास नको म्हणून मावशी स्वतः नळी घेऊन निघाल्या. साताऱ्यात रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं, भाच्याच्या गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा माझ्या हातात देऊन त्या आमच्या घरी चहाला गेल्या. मी नळी लावली. पडद्यासमोर बसलो. बाकीच्यांच्या रेघा मी भाजी निवडल्यासारख्या बघतो, बहिणीची रेघ बघताना मात्र खुर्ची पुढे ओढतो.

तीस फेऱ्या झाल्या. रेघ सपाट. पस्तीस. सपाट. चाळीस. यंत्र थांबलं, रेघ तळाशी आडवी.

मी काय करावं? बाहेर जाऊन घरी फोन लावला. "झोपलीय!" आमच्यात हा शब्द ठरलेला: रेघ झोपली, म्हणजे रोगाची खूण नाही. पलीकडून मावशींनी एवढ्या जोरात "आई अंबाबाई!" म्हटलं की माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली, असं तिनंच नंतर सांगितलं. लगेच साताऱ्याला फोन झाला. तिकडे बहिणीनं शेजारी कंदी पेढे वाटायला काढले. फौजेतल्या जावईबापूंना निरोप गेला. आमच्या घरात बातमी पसरायला चाळीस फेऱ्या लागत नाहीत.

मी परत पडद्यासमोर आलो, तेव्हा आमच्या मॅडम खुर्चीमागे उभ्या होत्या. मॅडम पॅथॉलॉजिस्ट, अहवालावर सही त्यांची. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"दुसरी रेघ बघितलीत?"

प्रत्येक नमुन्यात आम्ही दोन गोष्टी मोजतो. एक रोगाचं बिघडलेलं जनुक. दुसरं, प्रत्येकाच्या रक्तात असणारं एक साधं जनुक, केवळ नमुना धड आहे ना हे कळावं म्हणून. हे मी नव्या मुलांना शिकवतो. ही दुसरी रेघ बहिणीच्या नमुन्यात दर वेळी चोविसाव्या फेरीच्या आसपास चढते. मी बघितलं. एकतीस.

मी आकडा परत बघितला. एकतीसच.

सात फेऱ्या उशीर. प्रत्येक फेरीला दुप्पट, म्हणजे सात फेऱ्यांचा फरक शंभरपटीच्या वर. नळीत जेवढा चांगला माल असायला हवा होता, त्याच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी उरला होता. गल्लीत नळाला पाणी आलं ही बातमी सगळ्यांना ठाऊक असते. तीच बातमी जर एवढ्या उशिरा ऐकू आली, तर बातमी नव्हती असं नव्हे, गल्लीत माणूसच नव्हतं. अशा गल्लीत रोगाची कुजबुज असली तरी ऐकू कशी येणार?

"हा नमुना काहीच सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "चांगलं नाही आणि वाईटही नाही. नवीन रक्त मागवा." मग माझ्याकडे बघून, "घरी कळवलं नाहीत ना?"

मी खिशातला फोन चाचपला. त्यांना कळलं.

घरी आलो तर मावशी पाटावर बसून पोहे खात होत्या, चेहरा उजळलेला. "पावनं, पोराचं नाव काय ठेवायचं त्येवर आमचं चाललंय."

"मावशी, तो डबा काल कुठं कुठं फिरला?"

त्यांचा घास थांबला. "का?"

"सांगा ना."

"गाडीतच व्हता की." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "वाटंत तासगावात भाचीचा साखरपुडा व्हता. उन्हात बेदाण्याच्या शेडमागं गाडी लावली. म्हटलं जेवून निघू, तर त्यांनी ठेवूनच घेतलं रातच्याला. डबा मागच्या शिटावर ऱ्हायला. सकाळी उघडला तर बर्फाचं पाणी झालं हुतं. म्हटलं, पाणी तर पाणी, रगत काय वितळतंय व्हय?"

त्या नळीत आम्ही जनुकाची जी नक्कल मोजतो, त्या आरएनएला आमच्या भाषेत लाजाळू म्हणतात. बंद गाडीतल्या उन्हात ते राहत नाही.

"न्हाई झालं का?" त्यांनी विचारलं. ताट बाजूला सरकवलं. त्याच संध्याकाळी त्या भाच्याच्या गाडीनं साताऱ्याला परतल्या.

बहिणीला मीच फोन केला. म्हटलं, रेघ झोपली असं मी म्हणालो ते खरं धरू नको. ती म्हणाली, "दादा, म्हणजे उठलीय?"

"तेही माहीत नाही."

"मग तुला माहीत काय आहे?"

बरोबर प्रश्न होता. मी म्हणालो, "परत रक्त दे. या वेळी मी येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला गेलो. रक्त काढून डबा मांडीवर घेऊन परतलो. एसटीत शेजारी बसलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी विचारलं, "काय हाय त्यात, आईसक्रीम?" मी हो म्हणालो. कराडला त्यांनी विचारलं, "मग खात का न्हाई?" मी म्हणालो, डायबेटिस आहे. बाहेर उसाच्या फडांवर ऊन पडलं होतं, आणि मी डब्याच्या झाकणावर दोन्ही हात ठेवून बसलो होतो, जणू ते उडून जाणार होतं. डोक्यात फक्त हिशेब होता. मर्यादा म्हणजे साध्या जनुकाच्या हजार प्रतींमागे रोगाची एक. हजारपट म्हणजे दहा फेऱ्या. दोन रेघांमध्ये दहा फेऱ्यांहून कमी अंतर आलं, तर औषध सुरू. पाचव्या महिन्यात.

मॅडमनी मला यंत्राजवळ बसू दिलं, पण रेघ आधी त्या बघणार, असं बजावलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. आमच्या प्रयोगशाळेचं कॅलेंडर एका खतांच्या दुकानानं दिलेलं आहे. त्यावरचे द्राक्षांचे सगळे घड मी तेव्हा मोजून काढले असते, पण नजर ठरत नव्हती.

"दुसरी रेघ चोवीस," मॅडम म्हणाल्या. "नमुना उत्तम आहे."

मी मान हलवली. आता भीती खरी होती. कारण आता यंत्र जे बोलणार ते खरं बोलणार होतं.

तिसाव्या फेरीपर्यंत काही नाही. चौतीस, पस्तीस. मॅडम जरा पुढे वाकल्या. मला त्यांच्या खांद्यावरून कळलं.

"छत्तीस."

रेघ उठली होती. इतकी वर्षं तळाशी पडलेली रेघ सावकाश, पण स्पष्ट वर चढली होती. शेजारच्या खळग्यात त्याच नमुन्याची दुसरी तपासणी लावली होती, तिचीही रेघ तिथंच चढली. शंका घ्यायला जागा नव्हती.

"बारा फेऱ्यांचं अंतर," मॅडम म्हणाल्या. "चार हजारांत एकाच्या आसपास. पक्का आकडा अहवालात येईल, पण मर्यादेच्या खालीच आहे." मग त्यांनी कधी करत नाहीत ते केलं, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. "आणि उन्हातल्या नळीत हेच होतं. तिथं दुसरी रेघ एकतीसला होती. त्यात बारा मिळवा."

त्रेचाळीस. यंत्र चाळीसला थांबतं.

तिच्या डॉक्टरांशी मॅडमच बोलल्या. औषध नाही. पण आता दर महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी रक्त.

बहिणीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. तिच्यामागे मावशींचा श्वास ऐकू येत होता.

"उठली?"

"उठली."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

"किती?"

"बारा फेऱ्या मागे आहे. दहाच्या आत आली तर घाबरायचं. अजून आली नाही."

"म्हणजे एका फेरीला दुप्पट," तिनं हळूच म्हटलं. तिनं शाळेत कधी गणितात पस्तीसच्या वर गुण आणले नव्हते. "दोन फेऱ्या जवळ यायला चौपट वाढावी लागेल."

"हो."

"चार महिने राहिलेत, दादा."

पलीकडे मावशींनी फोन घेतला. "पावनं, ह्या टायमाला रगत घेऊन म्या न्हाई येनार. तुमीच या. जेवायला थांबायचं न्हाई, सांगून ठेवते. च्याबी न्हाई."

"नाही थांबणार, मावशी."

"आन् पावनं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला, "पोरगी आत्ता माझ्याकडं बघतीया. म्या हसू का नगं?"

मी म्हणालो, "हसा, मावशी." पलीकडे त्या हसल्या की नाही, ते फोनवरून कळलं नाही.