दहा मिनिटांच्या रस्त्यावरचा ट्रक

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी सलग दोन वर्षं ऑडिटला गेलो. आमची फर्म भोपाळमधल्याच महाराणा प्रताप नगरातली. मूळ कंपनी आणि तिच्या चार उपकंपन्यांचा एकत्र ताळेबंद तपासायचं काम माझ्याकडे होतं.

काम तसं सरळ. घरातल्या घरात केलेली विक्री ही विक्री नव्हेच. एकीचं येणं तेच दुसरीचं देणं, म्हणून दोन्ही खोडायची. उपकंपनीने शंभर रुपयांचा सुटा भाग मूळ कंपनीला एकशेवीसला दिला आणि तो अजून गोदामातच पडून असला, तर वरचे वीस काढून टाकायचे. बाहेरच्या कुणी ते दिलेलेच नसतात.

दुसऱ्या वर्षी येणं-देणं जुळेना. फरक बरोबर एका बिलाएवढा, आणि पुढे शेरा : 'माल वाटेत'. वरचा नफा काढून माल मूळ किमतीला साठ्यात धरलेला. बिलाचा नंबर ओळखीचा वाटला म्हणून गेल्या वर्षीचा कागद काढला. तेच बिल, तोच शेरा, खाली तपासल्याची खूण माझी. आणि उपकंपनीची शेड कारखान्याच्या गेटाबाहेरच! गोदामापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, आणि ट्रक वर्षभर वाटेतच.

शेडमध्ये जाऊन पाहिलं. माल ताडपत्रीखाली जागच्या जागी होता, आणि दोन्ही वर्षी शेडच्या साठ्यातही मोजलेला. एकच माल दोनदा. गेल्या वर्षीचा नफा तेवढा फुगला होता. या वर्षी सुरुवातीच्या साठ्यात तो फुगवटा, अखेरच्या साठ्यातही तोच, त्यामुळे नफ्याला धक्का नाही. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. बोललो तर गेल्या वर्षीची चूक ताळेबंदात छापून येणार, आणि त्याच उन्हाळ्यात ठरायची असलेली माझी फर्ममधली भागीदारी बुडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

तिथले हिशेब अधिकारी नागपूरहून बदलून आलेले. मी त्यांना काका म्हणायचो. दुपारी ते मला क्वार्टरवर जेवायला नेत. तीन दिवस मी काहीतरी निमित्त काढून जेवायला जाणं टाळलं. चौथ्या दिवशी ऑफिसात ते बिल त्यांच्यापुढे ठेवलं.

"काका, हे आमच्या फर्मच्या साहेबांना सांगावं लागेल."

"सांग ना," ते शांतपणे म्हणाले. "नफा वाढवून दाखवा म्हणून वरून दबाव होता. मला नाही म्हणता आलं नाही. वाटलं, पोरगा हुशार आहे, पकडेल. म्हणून गेल्या वर्षी मुद्दाम हेच बिल सगळ्यात वर ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय, बेटा! तू चहा पीत पीत खूण करून टाकलीस."

मी त्यांच्याच टेबलावरून साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"गेल्या वर्षी हे कुणी तपासलं होतं?" साहेबांनी विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते.

"मीच," मी म्हणालो.