साठ पेट्या, तलवार नाही

महापेतल्या आमच्या गेम कंपनीत तक्रारींचा ढीग पडला होता. गेममधल्या साठ बक्षीस-पेट्या उघडूनही काही खेळाडूंना तलवार मिळाली नव्हती. दर पेटीत ती निघण्याची शक्यता विसात एक होती. साहेब भडकले, "कोड कोणाचा? आजच घरी पाठवतो."

मी शेजारच्या मॅडमकडे बोट दाखवलं.

"कोड बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पेटीचा निकाल स्वतंत्र असतो. हजारो खेळाडूंत काहींचं असं होणारच. म्हणून मी प्रत्येक खेळाडूसाठी कोडमध्येच एक पिशवी सुचवली होती. वीस चिठ्ठ्या, एकीवर तलवार. काढलेली परत टाकायची नाही; संपल्या की नव्याने भरायच्या."

"नको कोण म्हणालं?"

माझं नाव न घेता त्या स्क्रीनकडे वळल्या. नशिबाला असा लगाम घालणं ही लबाडी आहे म्हणत मीच नकार दिला होता.

"मी," कसंबसं म्हणालो.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पिशवी बसवली. माझ्याशी मात्र त्या पुढे कामापुरतंच बोलल्या.